दोनशे मेगापिक्सेल की बारा?

२०२३च्या सुरुवातीला तीस हजारांच्या आसपास फोन शोधणाऱ्यांपुढे हमखास एक जोडी यायची. एकीकडे जानेवारीत भारतात आलेला रेडमी नोट १२ प्रो प्लस, किंमत २९,९९९ रुपये. दुसरीकडे गुगलचा पिक्सेल ६ए. तो जुलै २०२२मध्ये ४३,९९९ रुपयांना आला आणि पुढे सेलमध्ये तिशीच्या खाली घसरला. घरातल्या फोन कळणाऱ्या भाच्याला मग दोन्हींच्या स्पेसिफिकेशनचे स्क्रीनशॉट यायचे आणि खाली चार शब्द असायचे, ‘यातला चांगला कुठला रे?’

कागदावर सामना एकतर्फीच दिसतो. रेडमीचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा, पिक्सेलचा जेमतेम १२.२. रेडमीचं चार्जिंग १२० वॅटचं, पिक्सेलचं १८. रेडमीचा पडदा मोठा आणि सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा, पिक्सेलचा ६० वेळा. रॅम आणि स्टोरेज दोन्हींतही रेडमीच पुढे. आकडे मोजून निकाल द्यायचा तर विषय मिनिटभरात संपतो.

पण त्या २०० मेगापिक्सेलचं पुढे काय होतं, ते तक्ता सांगत नाही. इतके बिंदू एका सेन्सरवर बसवायचे म्हणजे प्रत्येक बिंदू अतिशय लहान होतो आणि त्यावर पुरेसा उजेड पडत नाही. म्हणून नेहमीचा फोटो काढताना फोन शेजारशेजारच्या १६ बिंदूंचा मिळून एक बिंदू करतो. भागाकार केला की हाती येतात १२.५ मेगापिक्सेल. म्हणजे रोजच्या वापरात दोन्ही फोनचे फोटो जवळपास सारख्याच आकाराचे! रेडमीचा सेन्सर मोठा आहे, हा फायदा खरा. पण त्या उजेडातून फोनचं सॉफ्टवेअर चित्र कसं घडवतं, यावरही बरंच ठरतं, आणि पिक्सेलची ख्याती तिथेच आहे.

म्हणूनच जाणता सल्लागार आधी उलट विचारतो. ‘वापर काय आहे?’ असं मोघम विचारून मात्र उपयोग नसतो, कारण उत्तर ठरलेलं असतं: ‘नॉर्मलच. कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, थोडे फोटो.’ त्याऐवजी हातातल्या जुन्या फोनबद्दल विचारावं. त्यात सिम किती आहेत? दिवसातून किती वाजता तो चार्जिंगला लागतो? गेल्या आठवड्यात कशाचे फोटो काढले? आणि तो किती वर्षं वापरला?

समजा, विचारणारा बाजार समितीत माल आणणारा व्यापारी आहे. धंद्याचं सिम वेगळं, घरचं वेगळं, दुपारी तीनलाच बॅटरी लाल. त्याच्यासाठी निकाल कॅमेऱ्यावर लागत नाही. पिक्सेल ६एमध्ये एकच सिमकार्ड बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा लागतो. जेवायला बसल्यावर लावलेला रेडमी हात धुवेपर्यंत जवळपास भरलेला असतो. पिक्सेलला दोन तासांच्या आसपास लागतात. त्याने रेडमीच घ्यावा.

त्याच्याच शाळेत शिकवणाऱ्या बहिणीने तेच दोन स्क्रीनशॉट पाठवले, तर उत्तर फिरतं. तिचे निम्मे फोटो धावणाऱ्या मुलांचे किंवा रात्रीच्या स्नेहसंमेलनाचे. फोन पर्समध्ये मावायला हवा आणि पावसात भिजला तरी चालायला हवा. पिक्सेल १७८ ग्रॅमचा आहे आणि त्याला पाण्यापासून संरक्षणाचं आयपी ६७ मानांकन आहे. दोनशे ग्रॅमपेक्षा जड असलेल्या रेडमीला आयपी ५३, म्हणजे शिंतोड्यांपुरतं. शिवाय ती एक फोन पाच वर्षं चालवते. पिक्सेलला जुलै २०२७पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याचं वचन होतं. रेडमी मात्र बाजारात आला तोच अँड्रॉइड १२ घेऊन, १३ येऊन काही महिने झाले असताना.

बजेटचंही तसंच. ‘तीस हजार’ म्हणजे नेमके काय? सेलमधली मोठ्या अक्षरांतली किंमत बरेचदा ठरावीक बँकेचं कार्ड आणि जुना फोन बदल्यात दिल्यावरची असते. ते कार्ड घरात नसेल, तर तुलना तिथेच बदलते. पिक्सेलच्या खोक्यात चार्जर नाही, रेडमीच्या खोक्यात आहे. तो खर्चही तिशीत धरायला हवा.

आणि काही गोष्टी खरेदीच्या दिवशी कुठल्याच तक्त्यात नसतात. २०२५मध्ये काही पिक्सेल ६ए फोनची बॅटरी तापण्याचा धोका असल्याचं गुगलने जाहीर केलं. जुलैमध्ये आलेल्या सक्तीच्या अपडेटने अशा फोनची बॅटरी ४०० चार्जिंग चक्रांनंतर कमी भरू लागली आणि चार्जिंगचा वेगही उतरला. बॅटरी मोफत बदलून देण्याची योजनाही सोबत होती. तेव्हा आज कुणी वापरलेला पिक्सेल ६ए स्वस्तात मिळतोय म्हणून स्क्रीनशॉट पाठवला, तर पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नसावा. बॅटरी बदललेली आहे का, हे विकणाऱ्याला विचारावं आणि त्याची पावती मागावी.