त्याच रात्री लिहून ठेवा

समजा, वाई किंवा जत तालुक्यातल्या शाळेत सहावीच्या मुलाला फी थकली म्हणून वर्गासमोर उभे केले. मूल घरी येऊन एवढेच सांगते, "सर ओरडले."

पालकांनी त्याच रात्री वहीत लिहावे: तारीख, कितवा तास, कोण शिक्षक, जवळ कोणती मुले होती आणि सर नेमके काय बोलले. शब्द मुलाचेच ठेवावेत. "तुला भिकारी म्हणाले का?" असे विचारू नये, "मग काय झाले?" एवढेच विचारावे. आपण सुचवलेला शब्द चौकशीत टिकत नाही. फीची पावती आणि शाळेचा मेसेजही जपावा.

मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारखेची पोच घ्यावी. "बघतो" हे तोंडी उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. शाळा पोच देत नसेल, तर स्पीड पोस्टाने पाठवावा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते. दाद न मिळाल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. कलम ३२ प्रमाणे तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीच्या मुलांसाठी १०९८ वर फोन करता येतो.