मोजता येते ती संख्या, मोजता येत नाही तो दर्जा

‘पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी या,’ असं सांगितलं की समोरची बाई हमखास संकोचते. ‘अंगावरून जात असताना तपासणी?’ हा प्रश्न बहुतेक जणी विचारतात आणि त्याचं उत्तर मी प्रत्येकीला सावकाश देते. त्या दिवसांत दोन्ही अंडाशयांतले सगळे फॉलिकल लहान असतात, एखादा पुढे निघून मोठा झालेला नसतो आणि मागच्या महिन्याच्या खुणा विरत आलेल्या असतात. त्यामुळे मोजणी स्वच्छ होते. दहाव्या दिवशीही मोजता येतं, पण तोवर एक फॉलिकल फुगून शेजाऱ्यांना झाकायला लागलेला असतो.

तपासणी आतून होते. लघवीला जाऊन यायचं, टेबलावर पाय दुमडून झोपायचं. प्रोबला जेल आणि निरोध लावून तो योनिमार्गात हळूच सरकवते. पाळी चालू असल्याने त्यात काही अडत नाही आणि दुखतही नाही, फक्त किंचित दाब जाणवतो. आधी गर्भाशय पाहते, मग प्रोब उजवीकडे वळवते. ओटीपोटाच्या भिंतीलगत, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी, राखाडी रंगाचा लंबगोल दिसतो. ते अंडाशय. त्याच्या कडेकडेने काळे गोल दिसतात. द्रव ध्वनिलहरी परत पाठवत नाही, म्हणून पाणी भरलेली प्रत्येक जागा पडद्यावर काळी दिसते. २ ते १० मिलिमीटर व्यासाचे असे जेवढे गोल असतील तेवढे मोजायचे. हे अँट्रल फॉलिकल. दोन्ही अंडाशयांची बेरीज म्हणजे अँट्रल फॉलिकल काउंट, रिपोर्टावरचा ‘एएफसी’.

ऐकायला सोपं वाटतं, पण चूक इथेच होते. अंडाशयाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दिशेने सरकत जावं लागतं. मध्येच मागे आलं की तोच गोल दोनदा मोजला जातो. आतडं पुढे आलं तर अंडाशय झाकलं जातं, मग दुसऱ्या हाताने पोटावरून दाबून ते प्रोबच्या जवळ आणायचं. चॉकलेट सिस्ट असेल तर तिच्याआड काही फॉलिकल लपतात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे आडवी कापलेली रक्तवाहिनी. तीही काळी आणि गोलच दिसते. मागे एका ३२ वर्षांच्या बाईंच्या उजव्या अंडाशयात मला चार गोल दिसले. चौथ्याच्या कडा जरा वेगळ्या वाटल्या, म्हणून प्रोब जागच्या जागी नव्वद अंशात फिरवला. तीन गोल गोलच राहिले, चौथा लांबट नळी झाला. कलर डॉप्लर लावल्यावर त्यात लाल-निळा प्रवाह दिसला. उजवीकडे तीन, डावीकडे तीन, एकूण सहा. या बाईंकडे पुन्हा येतेच.

पडद्यावर दिसतं ते फक्त पाणी, स्त्रीबीज नव्हे. बीज साधारण एक दशांश मिलिमीटरचं असतं आणि कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही. आपण मोजतो ती त्याची खोली. आत बीज कसं आहे, हे तो काळा गोल सांगत नाही.

मग या गोलांच्या संख्येचा उपयोग काय? मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख, आणि पाळी कायमची थांबते तेव्हा हजाराच्या आसपास. नवीन बीज नंतर तयार होत नाही, असंच आजवरचं वैद्यकशास्त्र मानतं. उभ्या आयुष्यात चारशेच्या आसपास बीजं बाहेर पडतात, बाकीची विरून जातात. गोळ्या चालू असोत, दिवस राहिलेले असोत, ही गळती थांबत नाही. सुप्त साठ्यातून रोज काही फॉलिकल जागे होतात आणि काही महिन्यांच्या वाढीनंतर त्यांतले थोडे अँट्रल अवस्थेला पोचतात. एफएसएच या हॉर्मोनच्या बळावर त्यांतला एक पुढे जातो, उरलेले त्याच महिन्यात सुकतात. साठा मोठा असला की जागे होणारेही जास्त असतात. किराणा दुकानात फळीवर मांडलेला माल पाहून मागच्या कोठीचा अंदाज बांधावा, तसा हा अंदाज आहे. कोठीत कोणी शिरलेलं नाही.

हा आकडा सगळ्यात नेमका उपयोगी पडतो तो आयव्हीएफच्या वेळी. एरवी सुकून जाणाऱ्या फॉलिकलना इंजेक्शनं देऊन एकदम वाढवायचं, हे त्या उपचाराचं तत्त्व आहे. त्यामुळे ‘इंजेक्शनांनी आमचा साठा लवकर संपेल का’ या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. जी त्या महिन्यात वाया जाणारच होती, तीच बीजं वाचवली जातात. किती फॉलिकल साथ देतील, हे एएफसी बऱ्यापैकी सांगतो आणि त्यावरून डोस ठरतो. एकूण पाच-सातच्या खाली असेल तर थोडीच बीजं मिळतील हे आधी सांगता येतं. वीस-पंचवीसच्या वर असेल तर डोस जपून द्यावा लागतो, नाहीतर अंडाशयं अति सुजतात आणि पोटात पाणी साचतं. एएमएच ही रक्ततपासणीही जवळपास हेच सांगते, कारण ते हॉर्मोन या लहान फॉलिकलच्याच पेशींतून येतं.

दर्जाची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक बीज जन्माआधीच एका अर्धवट विभाजनात थांबलेलं असतं. रंगसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून वाट पाहत असतात. जोड्या सुटून २३ रंगसूत्रं आत राहायची आणि २३ बाहेर टाकायची, हे काम बीज बाहेर पडायच्या वेळी होतं. म्हणजे चाळिशीत बाहेर पडणारं बीज चाळीस वर्षांहून जास्त काळ तसंच थांबलेलं असतं. जोड्यांना बांधून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं या काळात झिजत जातात, जोड्या ढिल्या पडतात आणि वाटणी चुकते. एक रंगसूत्र जास्त किंवा कमी झालं की बहुतेक वेळा गर्भ रुजत नाही किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. पाचव्या दिवसाच्या गर्भांच्या तपासण्यांत असे सदोष गर्भ तिशीच्या सुरुवातीला साधारण तीनात एक आढळतात, एकेचाळिशीला तीनात दोन. हे वयाने ठरतं. फॉलिकल सहा असोत की सोळा, त्याने फारसा फरक पडत नाही.

त्या ३२ वर्षांच्या बाईंच्याच आठवड्यात ४१ वर्षांच्या दुसऱ्या बाई आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून दोघींचे बाकी तपशील देत नाही. दुसऱ्या बाईंचा एएफसी सोळा आला आणि त्या आनंदल्या. ‘म्हणजे अजून एक-दोन वर्षं थांबायला हरकत नाही ना, मॅडम?’ पहिल्या बाईंबरोबर आलेल्या सासूबाई सहाचा आकडा ऐकून म्हणाल्या, ‘हिचीच संपत आली म्हणायची.’ दोघींच्या समजुतीत एकच चूक होती.

मी कागदावर हिशेब मांडला. तो सरासरीचा होता, कोणाचंही भविष्य नव्हे. सोळा फॉलिकलमधून समजा बारा बीजं मिळाली. त्यांतली नऊ-दहा पक्व निघाली, सात फलित झाली आणि तीन गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले. एकेचाळिशीला त्यांतला एक निर्दोष. आता सहाचं पाहा. पाच बीजं, चार पक्व, तीन फलित, पाचव्या दिवशी एक किंवा दोन गर्भ. बत्तिशीला त्यांतला एक निर्दोष. आयव्हीएफच्या एका फेरीत दोघी जवळपास सारख्याच ठिकाणी येतात. पण थांबण्याची किंमत दोघींची सारखी नाही. सोळावालीच्या हातात दर फेरीला जास्त बीजं येतील, मात्र एका वर्षाने सदोषांचं प्रमाण आणखी वाढलेलं असेल. तिने थांबू नये. सहावालीला महिन्याकाठी एकच बीज पुरतं आणि ते बीज बत्तीस वर्षांचं आहे. आयव्हीएफमध्ये तिला थोडी बीजं मिळतील हे खरं, पण तिची बीजं वाईट आहेत असं सहाचा आकडा म्हणत नाही.

याला आधारही आहे. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ३० ते ४४ वर्षांच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास आला. त्यांनी नुकताच गर्भधारणेसाठी प्रयत्न सुरू केला होता. ज्यांचं एएमएच कमी होतं त्यांना, वय लक्षात घेतल्यावर, इतरांइतक्याच प्रमाणात दिवस राहिले. म्हणून लग्न ठरण्याआधी ‘तेवढा एक काउंट करून घेऊ’ म्हणत मुलींना पाठवणं मला मुळीच पटत नाही. मूल होईल की नाही, हे ती तपासणी सांगत नाही.

हा आकडा काही वेळा खोटाही पडतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तो उतरलेला दिसतो, थांबवल्यावर काही महिन्यांत वर येतो. दोन तपासनीसांच्या मोजणीत दोन-तीनचा फरक सहज पडतो, त्यामुळे सहाचा आठ झाला म्हणजे कुठल्या पावडरने साठा वाढवला असं नसतं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लहान फॉलिकल नीट दिसत नाहीत. ज्यांची आतून तपासणी करता येत नाही, त्यांच्यासाठी एएमएच बरं. उलट काही वेळा तो कमी निघणं ही खरी सूचना असते. तंबाखूच्या धुराने, केमोथेरपीने, अंडाशयावरच्या शस्त्रक्रियेने साठा खरोखर घटतो. चॉकलेट सिस्ट काढताना तिच्या सालीबरोबर चांगलं ऊतकही निघून येतं. म्हणून त्या शस्त्रक्रियेआधी काउंट किंवा एएमएच करून घ्यावं आणि सर्जनशी त्यावर बोलावं.

रिपोर्ट हातात आला की आधी वय पाहा, मग तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली आणि गोळ्या चालू होत्या का ते पाहा, मग आकडा वाचा. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जा. चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नका. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. त्या ३२ वर्षांच्या बाईंच्या घरी लग्नाच्या चार वर्षांत ती एकदाही झाली नव्हती.