वेळ चुकवणाऱ्या लहरी

१२ जून १८९७ च्या संध्याकाळी शिलाँगचं पठार हादरलं. गावातली दगडी बांधकामं जवळपास सगळी कोसळली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याकडे पाहणीचं काम आलं. पडझडीची नोंद त्यांनी बारकाईने केलीच, पण त्यांना जास्त खुणावलं ते हजारो किलोमीटर दूर इटलीतल्या यंत्रांनी कागदावर ओढलेल्या रेघांनी. त्या रेघांमध्ये एकाच भूकंपाचे तीन वेगवेगळे धक्के दिसत होते, एकामागून एक पोहोचलेले.

पहिला धक्का ‘पी’ लहरींचा. या लहरींत खडक ज्या दिशेने लहर जाते त्याच दिशेने दाबला जातो आणि सैल होतो. दुसरा ‘एस’ लहरींचा. त्यांचा वेग पी लहरींच्या साधारण साठ टक्के असतो आणि त्यांत खडक आडवा हलतो. तिसरा धक्का जमिनीच्या पृष्ठभागालगत रेंगाळत येणाऱ्या लहरींचा. पहिल्या दोन मात्र पृथ्वीच्या पोटातून येतात. त्यांच्यात एक मोठा फरक आहे. पी लहर घन पदार्थातूनही जाते आणि द्रवातूनही. एस लहरीला मात्र आकार बदलायला विरोध करणारा पदार्थ लागतो. द्रव तसा विरोध करत नाही, म्हणून एस लहर द्रवात शिरूच शकत नाही.

पृथ्वी आतून एकसारखी असती, तर कुठल्याही गावी लहर किती वाजता पोहोचेल हे आधीच गणिताने सांगता आलं असतं. लहरी ही वेळ पाळत नाहीत. कधी लवकर येतात, कधी उशिरा, तर कधी जिथे येऊच नये तिथे येतात. पृथ्वीच्या थरांचा शोध हा या चुकलेल्या वेळांचा हिशेब आहे.

सगळ्यात वरचा थर, भूकवच, लवकर आलेल्या लहरींमुळे सापडला. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात झाग्रेबजवळच्या कूपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेबच्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच मूळचे हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी युरोपभरच्या केंद्रांकडून नोंदी मागवल्या आणि अंतरानुसार मांडल्या. काही ठरावीक अंतरांवरच्या केंद्रांत पी लहर एकदा नव्हे, दोनदा आलेली दिसली. जवळच्या केंद्रांत संथ लहर पहिली होती, दूरच्या केंद्रांत मात्र वेगवान लहरीने तिला गाठून मागे टाकलं होतं.

ठोकळ आकडे घेऊन हे पडताळून पाहता येतं. वरच्या थरात पी लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर, खालच्यात ८, वरच्या थराची जाडी ३५ किलोमीटर आणि भूकंप पृष्ठभागाजवळच झाला असं धरू. १०० किलोमीटरवरच्या केंद्रात वरच्या थरातून सरळ आलेली लहर १७ सेकंदांत पोहोचते. खाली उतरून, खालच्या थरालगत धावून पुन्हा वर आलेल्या लहरीला २० सेकंद लागतात. पण ३०० किलोमीटरवर सरळ लहरीला ५० सेकंद लागतात आणि खालून आलेली ४५ सेकंदांतच हजर होते. जवळच्या गावाला जाताना द्रुतगती मार्गापर्यंतचा वळसा महागात पडतो, लांबच्या प्रवासात तोच वळसा फायद्याचा ठरतो, तसंच हे. या उदाहरणात दोन्ही लहरी साधारण १८५ किलोमीटरवर एकाच वेळी पोहोचतात. खऱ्या नोंदींमध्ये ही बरोबरी कुठे होते ते शोधायचं आणि त्यावरून वरच्या थराची जाडी उलटी काढायची.

मोहोरोविचिच यांना त्यांच्या भागासाठी ५४ किलोमीटरचा आकडा मिळाला. आज या सीमेला त्यांच्याच नावावरून ‘मोहो’ म्हणतात. ती सगळीकडे सारख्या खोलीवर नाही. महासागराच्या तळाखाली ती जेमतेम सहा-सात किलोमीटरवर असते, तर तिबेटखाली सत्तर किलोमीटरच्या आसपास. आपल्या कोयना परिसरात भूकंपाची वाट न पाहता स्फोट घडवून तिचा माग काढला गेला आणि ती ३६ ते ४० किलोमीटरवर मिळाली. तिच्याखाली सुरू होतं ते प्रावरण.

गाभ्याचा पत्ता लागला तो उशिरामुळे. इथे अंतर अंशांत मोजतात: भूकंपाची जागा शून्य अंश आणि पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूचा बिंदू १८० अंश. १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी दूरच्या भूकंपांच्या नोंदी एकत्र केल्या. १२० अंशांच्या पलीकडे एस लहरी अपेक्षेपेक्षा कित्येक मिनिटं उशिरा येत होत्या. मधोमध काहीतरी वेगळं आहे आणि त्यातून लहरी संथ जातात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गंमत अशी, की निष्कर्ष योग्य निघाला पण पुरावा फसवा होता. ज्यांना ते एस लहरी समजले, त्या थेट आलेल्या लहरी नव्हत्याच, वाटेत पृष्ठभागावर आपटून परतलेल्या होत्या. खऱ्या एस लहरी गाभा ओलांडून पलीकडे जातच नाहीत. पहिल्या महायुद्धाआधीच जर्मनीत बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचं काढलं. आजचा आकडा त्यापेक्षा फार तर दहा किलोमीटरने वेगळा आहे.

पण एस लहर दिसली नाही, एवढ्यावरून गाभा द्रव आहे असं म्हणणं घाईचं होतं. वाटेत ती क्षीण होऊन हरवली असेल, असंही कोणी म्हणू शकलं असतं. १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी दुसरी बाजू तपासली. चंद्र-सूर्याच्या ओढीने अख्खी पृथ्वी किती ताणली जाते, यावरून तिचा सरासरी ताठपणा कळतो. लहरींच्या वेगावरून प्रावरणाचा ताठपणा कळतो, आणि तो सरासरीपेक्षा बराच जास्त निघाला. म्हणजे आतला भाग सरासरी खाली खेचणारा हवा, अर्थात द्रव.

द्रव गाभ्यात शिरताना पी लहरीचा वेग सेकंदाला जवळपास १४ किलोमीटरवरून ८ वर घसरतो आणि ती आतल्या बाजूला वळते. त्यामुळे साधारण १०४ ते १४० अंशांचा पट्टा तिच्या सावलीत राहतो. या सावलीतही काही क्षीण पी लहरी उमटत होत्या. बहुतेकांनी त्या गाभ्याच्या कडेला वळसा घालून आल्या असाव्यात, असं म्हणून विषय सोडला. कोपनहेगनच्या इंगे लेमन यांनी सोडला नाही. १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला, आणि रशियातल्या काही केंद्रांच्या नोंदींत या लहरी इतक्या ठळक होत्या की वळसा घालून आलेल्या लहरींमध्ये तेवढा जोर उरणं शक्य नव्हतं. लेमन यांनी मुद्दाम सोपं गणित मांडलं: प्रावरणात एकच वेग, गाभ्यात एकच वेग, आणि गाभ्याच्या पोटात थोडा जास्त वेग असलेला एक लहान गोळा. त्या गोळ्यावरून परतलेल्या लहरी नेमक्या सावलीतच बाहेर पडत होत्या. १९३६ मध्ये हे छापून आलं. आंतर गाभ्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किलोमीटर मानतात.

तो गोळा घन आहे, हा तेव्हा अंदाजच राहिला. १९६० चा चिली आणि १९६४ चा अलास्काचा भूकंप एवढे प्रचंड होते की त्यानंतर पृथ्वी घंटेसारखी कंप पावत राहिली. त्या कंपनांचे सूर १९७१ मध्ये तपासले गेले, तेव्हा आंतर गाभा घन मानल्याशिवाय ते जुळेनात.

लहरी वेग सांगतात, पदार्थाचं नाव सांगत नाहीत. गाभा लोखंडाचा असल्याचं आपण घनता, उल्का आणि प्रयोगशाळेतल्या दाबाच्या प्रयोगांवरून म्हणतो. बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा काही टक्क्यांनी हलका भरतो, म्हणजे त्यात काही हलकी मूलद्रव्यं मिसळलेली असणार. गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन, कार्बन, हायड्रोजन असे दावेदार आहेत. त्यांतलं कुठलं किती, यावर अजून वाद चालू आहे.