कौतुकाच्या अभिप्रायाला उत्तर देताना

न्यू जर्सीतील एडिसन येथे घरगुती मराठी जेवणाचा व्यवसाय चालवणाऱ्या एखाद्या दांपत्याला गूगलवर असा अभिप्राय मिळाला, असे समजू : ‘मुलीच्या बारशाला ४० जणांसाठी पुरणपोळ्या मागवल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही त्या तितक्याच मऊ होत्या. सासूबाईंनीही नाव ठेवले नाही!’

यावर बहुतेक व्यावसायिक लिहितात : ‘आपल्या पंचतारांकित अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. एडिसनमधील सर्वोत्तम मराठी केटरिंग सेवा देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत. पुन्हा सेवेची संधी द्यावी.’ यातील एकही वाक्य चुकीचे नाही. मात्र ते कोणत्याही अभिप्रायाखाली चालले असते. ही उत्तरे एकाखाली एक दिसतात, त्यामुळे तिसऱ्या उत्तरापर्यंत वाचकाला साचा कळतो. शोधयंत्रासाठी घुसवलेले गावाचे आणि सेवेचे नाव तर लगेच उघडे पडते, कारण बोलताना कोणी आपल्या ग्राहकाला आपण कोणत्या गावात काय विकतो ते सांगत नाही.

उपाय साधा आहे. अभिप्रायातील एकच तपशील उचलावा आणि त्यात फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली एक गोष्ट जोडावी. उदाहरणार्थ : ‘४० पाहुण्यांनंतरही पोळ्या उरल्या, याचेच आधी नवल वाटले! मऊपणाचे श्रेय आमच्या स्वयंपाकघरातील ताईंचे. कणीक दोन तास मुरल्याशिवाय त्या पोळी लाटायला घेत नाहीत. सासूबाईंचे वाक्य त्यांना वाचून दाखवले. दिवसभर हसत होत्या. बाळाला आशीर्वाद.’ खाली कंपनीचे नव्हे, लिहिणाऱ्याचे नाव. अर्थात ताईंना ते खरोखर वाचून दाखवलेले असावे. अभिप्राय इंग्रजीत असेल, तर उत्तरही इंग्रजीत द्यावे.

आपुलकीच्या भरात ग्राहकाने न लिहिलेले काही उघड करू नये. बाळाचे नाव किंवा घराचा पत्ता ऑर्डरच्या वहीत असला, तरी उत्तर सगळ्या जगाला दिसते.

अमेरिकेतील डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी ही मर्यादा कायद्याचीच आहे. ‘हिपा’ कायद्यानुसार, लेखी परवानगी नसेल तर अमुक व्यक्ती आपली रुग्ण आहे एवढेही त्यांना जाहीरपणे मान्य करता येत नाही, मग तिने स्वतः सारे लिहिलेले का असेना. अभिप्रायांच्या उत्तरांत रुग्णांची माहिती उघड केल्याबद्दल डॅलसमधील एका दंतचिकित्सालयाला २०१९ मध्ये १०,००० डॉलर भरावे लागले. म्हणून ‘तुमची दाढ आता बरी आहे ना?’ हा प्रेमळ प्रश्न तेथे चालत नाही. ‘लहान मुलांची भीती जावी म्हणून आमच्या स्वागतकक्षात चित्रांची पुस्तके ठेवतो, त्याचा उल्लेख वाचून बरे वाटले’ हे चालते, कारण त्यातला तपशील दवाखान्याचा आहे, रुग्णाचा नाही.

नुसते पाच तारे दिले असतील आणि शब्द एकही नसेल, तर ‘धन्यवाद’ पुरेसे आहे.