चार गावे, पाच तक्ते

अल्गोरिदमच्या पेपरात एक प्रश्न वारंवार दिसतो. चार नोडचा छोटा ग्राफ दिलेला असतो आणि विचारलेले असते: फ्लॉइड-वॉर्शल पद्धतीने प्रत्येक नोडपासून प्रत्येक नोडपर्यंतचे कमीत कमी अंतर काढा, सर्व पायऱ्या दाखवा. सूत्र एका ओळीचे आहे आणि आकडेमोड बेरजेपलीकडे जात नाही, म्हणून विद्यार्थी हा प्रश्न आनंदाने घेतात. तरीही गुण जातात. सूत्र पाठ असते, पण आपण भरतो आहोत तो तक्ता नेमके काय सांगतो, हे ठाऊक नसते.

नोड म्हणजे गावे आणि एज म्हणजे एकेरी रस्ते असे धरू. १ वरून २ ला थेट रस्ता ९ किलोमीटरचा. १ वरून ४ ला २, ४ वरून ३ ला १, ३ वरून २ ला १ आणि २ वरून १ ला ३. बाकी कुठेही थेट रस्ता नाही, तिथे ∞ लिहायचे. कर्णावर सगळीकडे शून्य, कारण स्वतःच्याच गावी जायला अंतर नाही. हा झाला शून्यावा तक्ता. ओळ म्हणजे निघायचे गाव, स्तंभ म्हणजे पोहोचायचे गाव.

```
      १   २   ३   ४
१     ०   ९   ∞   २
२     ३   ०   ∞   ∞
३     ∞   १   ०   ∞
४     ∞   ∞   १   ०
```

शून्याव्या तक्त्याचा अर्थ असा, की वाटेत कुठल्याही गावावरून जाण्याची परवानगी नाही, थेट रस्ता असेल तरच जा. पहिल्या तक्त्यात फक्त गाव १ वरून जायची मुभा मिळते, दुसऱ्यात १ आणि २ वरून, तिसऱ्यात १, २ आणि ३ वरून, चौथ्यात सगळ्यांवरून. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ते इथे एवढेच. नवीन गाव k खुले झाले की प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचा: जुनाच रस्ता बरा, की i वरून k ला आणि k वरून j ला जाणे स्वस्त? त्या दोन तुकड्यांची उत्तरे मागच्या तक्त्यात तयार असतात, ती उचलायची आणि बेरीज करायची.

हाताने सोडवताना एक सोय आहे. k वा तक्ता भरताना k ची ओळ आणि k चा स्तंभ बदलत नाहीत, म्हणून ते आधी जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. कर्णही उतरवावा, मात्र वजने ऋण असतील तर तो तपासावा लागतो. चार गावांच्या तक्त्यात मग तपासायला सहाच घरे उरतात. शिवाय k च्या स्तंभात एखाद्या ओळीत ∞ असेल, तर त्या ओळीकडे बघायलाच नको, कारण तिथून k ला पोहोचताच येत नाही.

आता तक्ते पुढे नेऊ. k = १ असताना पहिल्या स्तंभात फक्त २ ची ओळ कामाची आहे: २ वरून १ ला ३, पुढे ४ ला २, म्हणून २ ते ४ हे अंतर ५ झाले. k = २ ला ३ ची ओळ बदलते: ३ ते १ चे ४ होतात आणि ३ ते ४ चे ६. हे ६ काढताना आपण नुकतेच मिळवलेले ५ वापरले, हे लक्षात घ्या. k = ३ ला ४ ची ओळ बदलते: ४ ते १ चे ५, ४ ते २ चे २. तिसरा तक्ता असा दिसतो:

```
      १   २   ३   ४
१     ०   ९   ∞   २
२     ३   ०   ∞   ५
३     ४   १   ०   ६
४     ५   २   १   ०
```

इथे थांबून पहिली ओळ बघा. १ ते ३ अजून ∞ आहे. पण १ वरून ४ ला आणि ४ वरून ३ ला रस्ता तर डोळ्यांसमोर आहे! अनेक विद्यार्थी इथे घाबरतात आणि ग्राफकडे बघून तिथे ३ लिहून टाकतात. अंतिम उत्तर त्याने बिघडत नाही, पण तिसरा तक्ता मात्र चुकतो. गाव ४ अजून खुले झालेले नाही, म्हणून ∞ हेच बरोबर. शेवटच्या फेरीत ४ खुले होते आणि १ ते २ हे अंतर ९ वरून ४ वर येते, १ ते ३ चे ३ होतात, २ ते ३ चे ६.

```
      १   २   ३   ४
१     ०   ४   ३   २
२     ३   ०   ६   ५
३     ४   १   ०   ६
४     ५   २   १   ०
```

रस्ताही विचारला असेल, तर शेजारी दुसरा तक्ता ठेवावा आणि जे घर बदलले त्यात k लिहावा. १ ते २ च्या घरात ४ येतो. मग १ ते ४ बघा, ते थेट आहे. ४ ते २ च्या घरात ३ आहे. म्हणजे रस्ता १, ४, ३, २.

प्रोग्रॅम लिहायला सांगितला, तर तो एवढाच:

```c
for (k = 1; k <= n; k++)
  for (i = 1; i <= n; i++)
    for (j = 1; j <= n; j++)
      if (d[i][k] + d[k][j] < d[i][j])
        d[i][j] = d[i][k] + d[k][j];
```

सर्वांत घातक चूक या तीन ओळींच्या क्रमात होते. i, j, k असा क्रम ओळखीचा वाटतो, म्हणून k सर्वांत आत लिहिला जातो. आपल्याच ग्राफवर तो चालवून बघा. १ आणि २ या जोडीची पाळी अगदी सुरुवातीला येते. त्या वेळी १ ते ३ ∞ आहे आणि ४ ते २ ही ∞ आहे, म्हणून ९ तसेच राहतात. पुढे ४ ते २ चे २ होतात खरे, पण १ ते २ या घराकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. उत्तर ४ ऐवजी ९ येते. प्रोग्रॅम अडखळत नाही, बाकीची बरीच घरे बरोबरही येतात, त्यामुळे चूक सहज सापडत नाही. k बाहेर हवा, कारण एक पूर्ण तक्ता संपल्याशिवाय पुढचे गाव खुले करायचे नाही.

दुसरी चूक ∞ ची. C मध्ये ∞ साठी INT_MAX ठेवला आणि त्यात काही मिळवले, की बेरीज इंटमध्ये मावत नाही. बहुतेक वेळा ती ऋण होऊन बसते आणि नसलेला रस्ता सर्वांत जवळचा ठरतो. त्याऐवजी १०० कोटी ठेवावेत. दोन वेळा मिळवूनही ते ३२ बिटांत मावतात. प्रत्यक्ष अंतरे त्याहून बरीच लहान असली म्हणजे झाले.

रस्त्याचे वजन ऋण असले तरी ही पद्धत चालते. २ ते १ चे वजन ३ ऐवजी -३ केले तरी उत्तर बरोबर येईल. -५ केले तर मात्र १, ४, ३, २, १ ही फेरी -१ ची होते. जितक्या फेऱ्या माराल तितके अंतर कमी, म्हणजे कमीत कमी असे काही उरतच नाही. हे कर्णावर कळते: तिसऱ्याच तक्त्यात ४ ते ४ च्या घरात शून्याऐवजी -१ येतो. कर्णावर ऋण आकडा दिसला, की ऋण चक्र आहे असे लिहून थांबावे.

स्टीफन वॉर्शल यांनी १९६२ मध्ये ही कल्पना 'पोहोचता येते की नाही' एवढ्याच प्रश्नासाठी मांडली होती. त्याच वर्षी रॉबर्ट फ्लॉइड यांनी ती अंतरांसाठी वापरली. फ्रान्समध्ये बर्नार्ड रॉय यांनी १९५९ मध्येच ती प्रसिद्ध केली होती, पण त्यांचे नाव प्रश्नपत्रिकेत क्वचितच येते.

चार गावांना ६४ तुलना लागतात, हजार गावांना १०० कोटी, आणि दहा लाख गावांचा नुसता तक्ताच एक लाख कोटी घरांचा होईल. म्हणून देशभराच्या रस्त्यांच्या नकाशासाठी दुसऱ्या पद्धती लागतात. काहीशे नोडच्या दाट ग्राफला मात्र ही पाच ओळींची पद्धत पुरेशी आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती आहे. पाचही तक्ते लिहायला सांगून दहा गुण देण्यापेक्षा आठ गुण द्यावेत आणि उरलेले दोन एका प्रश्नासाठी ठेवावेत: तिसऱ्या तक्त्यात १ ते ३ च्या घरात ∞ का आहे?