पिशवीवर लोगो कुठे बसवायचा?

परिषदेच्या नोंदणी टेबलावर मिळालेली पिशवी पुढे एक तर मंडईत जाते, नाही तर कपाटाच्या तळाशी. ती कुठे जाणार, हे बहुतेक वेळा छपाईच्या आराखड्यातच ठरून गेलेलं असतं.

समजा, पुण्यात दोन दिवसांची पाणी-व्यवस्थापन परिषद आहे. प्रतिनिधी 500 आणि मुख्य प्रायोजक पंप बनवणारी एक कंपनी. कंपनीकडून येणारा पहिला आराखडा साधारण ठरलेला असतो: पिशवीभर पसरलेला लोगो, खाली परिषदेचं नाव, तारखा, स्थळ, फोन नंबर आणि तळाशी सहप्रायोजकांची रांग. अशी पिशवी तिसऱ्या दिवशीच जुनी होते, कारण तारीख उलटून गेलेली असते. शिवाय खांद्याला लावून फुकट जाहिरात करत फिरायला कोणालाच आवडत नाही.

म्हणून आधी मजकूर छाटायचा. तारीख, स्थळ, सहप्रायोजकांची नावं आणि फोन नंबर कार्यक्रमपत्रिकेत जातात. पिशवीवर एक रेखाचित्र किंवा एक वाक्य राहतं, जे परिषदेला न आलेल्या माणसालाही हातात मिरवावंसं वाटेल. 2007 मध्ये ब्रिटनमध्ये अन्या हिंडमार्च यांनी केलेल्या कापडी पिशवीवर ठळकपणे दिसायचं ते एकच वाक्य: ‘आय अॅम नॉट अ प्लास्टिक बॅग’. पाच पौंडांच्या त्या पिशवीसाठी लोकांनी दुकानांसमोर रांगा लावल्या होत्या. पंपवाल्या कंपनीसाठी विहिरीच्या रहाटाचं रेखाचित्र पुरेसं आहे. लोगो त्याच्या खाली, चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा.

आता जागा. रिकामी पिशवी टेबलावर पसरून आराखडा केला, तर मधोमधची जागा योग्य वाटते. पण पिशवी भरली की तळाचा भाग फुगतो, तिथे चुण्या पडतात आणि खालच्या ओळी दुमडून जातात. 38 बाय 42 सेंटिमीटरच्या पिशवीत छपाई मध्यापेक्षा थोडी वर घ्यावी, पण वरच्या दुमडीपासून आणि पट्ट्यांच्या शिवणीपासून चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडावं. शिवणीच्या जाडीवर स्क्रीन सपाट बसत नाही आणि शाई तुटक उतरते. कापड शिवण्याआधीच, सुट्या तुकड्यावर छापून घेतलं तर ही अडचण राहत नाही. खांद्यावर घेतल्यावर एक बाजू अंगाला चिकटते. कोणती, ते सांगता येत नाही. त्यामुळे महत्त्वाचं ते एकाच बाजूला छापलं, तर अर्धा वेळ ते झाकलेलं राहणार. दोन्ही बाजूंना छापायचं, तर एकच रंग ठेवून खर्च आवाक्यात आणता येतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते.

देवनागरीची इथे खास काळजी घ्यावी लागते. जाड विणीच्या कॅनव्हासवर शाई थोडी पसरते. शिरोरेषेजवळचे बारीक अनुस्वार बुजतात, रफार शेजारच्या मात्रेला चिकटतो. रंगीत पट्ट्यात पांढरी अक्षरं कोरून ठेवली असतील, तर ती आणखी बारीक होतात. संगणकाच्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. खऱ्या कापडावरचा एक नमुना मागवून तो हातभर अंतरावरून वाचावा, मग पांढऱ्या ओल्या फडक्याने घासावा आणि एकदा धुऊन पाहावा. फडक्याला रंग लागला, तर शाई नीट भाजलेली नाही. कंपनीचा ठरलेला निळा रंगही मळखाऊ सुती कापडावर कागदासारखा दिसत नाही, तेव्हा रंगाला मंजुरी द्यायची ती त्या कापडावर पाहूनच.

कापडाच्या जाडीत मात्र काटकसर नको. 140 जीएसएमची पातळ पिशवी दोन किलो कांद्यांनीच लोंबते. 280च्या आसपासचं कॅनव्हास रोजच्या वापराला टिकतं. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018च्या अभ्यासात साध्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार प्लास्टिकच्या पिशवीइतका कमी व्हायला ती किमान 52 वेळा वापरावी लागते, असं निघालं. इतर परिणाम धरले, तर आकडा हजारांत जातो. 500 पिशव्या कपाटात पडून राहणार असतील, तर त्या न छापलेल्याच बऱ्या.

वहीचं गणित वेगळं आहे, कारण ती लिहिणाऱ्याची खासगी वस्तू असते. ए-5 आकाराच्या वहीच्या प्रत्येक पानावर लोगो टाकला, तर लिहिण्याची जागा जाते आणि नजर अडकते. मुखपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात शाईशिवाय दाबून उठवलेला छोटा ठसा पुरेसा असतो. वही जुनी झाली तरी तो पुसला जात नाही. कंपनीला आणखी काही सांगायचं असेल, तर त्यासाठी शेवटचं पान आहे. तिथे जाहिरात नको, पाण्याच्या टाकीचं माप काढायचं सूत्र किंवा लिटर-गॅलनचा तक्ता द्यावा. लोक तो शोधत पुन्हा वही उघडतात.

त्याच पानावर क्यूआर कोड टाकायचा असेल, तर तो परिषदेच्या तात्पुरत्या पत्त्यावर नेणारा नसावा. वही वर्षभर वापरात असते आणि तो पत्ता दोन-तीन महिन्यांत बंद पडू शकतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं असं पान घ्यावं, ज्याचा मजकूर पुढेही बदलता येईल.