सकाळच्या कामाच्या आधी च्या

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सरकार विरोधकांना चहापानाला बोलावतं आणि विरोधक बहुधा त्यावर बहिष्कार टाकतात. मुंबईत असो की हिवाळ्यात नागपुरात, बातमी तीच. बहिष्कार टाकणारे आणि किटली सांभाळणारे तेवढे अधूनमधून जागा बदलतात. चहाच्या एखाद्या ब्रँडने त्या दिवशी कपाच्या चित्राखाली ‘बहिष्कार चहापानावर असतो, चहावर नसतो’ एवढंच छापलं, तर दोन्ही बाकांवरची माणसं हसतील. दोघांनीही दोन्ही भूमिका केलेल्या आहेत. पण त्याच ओळीशेजारी एखाद्या नेत्याची टोपी किंवा पक्षाचा रंग दिसला, की अर्धं गिऱ्हाईक रुसलंच म्हणून समजा.

चालू घडामोडींवर कोट्या करणारे अमूलचे फलक १९६६पासून लोकांच्या ओळखीचे आहेत. चहाला मराठीत त्यासाठी बाहेरच्या घडामोडींचीही फारशी गरज पडत नाही, कारण चहाभोवतीचे शब्दच दुहेरी आहेत. चहा उकळतो आणि पैसेही उकळले जातात. चहा कडक असतो, तसे मास्तरही कडक असतात. काम टाकता येतं आणि चहाही ‘टाकला’ जातो. त्यातून ‘हातातलं काम टाका. चहा टाका.’ अशी दोन वाक्यांची जाहिरात जवळजवळ आयती मिळते.

यात सगळ्यात जास्त राबवला जाणारा शब्द म्हणजे आलं. तो सुगंधी आहे आणि क्रियापदही आहे. आल्याच्या चहासाठी बसलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सुचतं ते असं : ‘पाहुणे आले, आले आले का?’ कानाला गंमत वाटते, पण फलकावर वाचताना डोळा अडखळतो. कुठलं ‘आले’ माणसांचं आणि कुठलं भाजीवाल्याकडचं, हे ठरवेपर्यंत बस पुढे गेलेली असते. हीच कोटी ‘पाहुणे आले. आलं घाला.’ अशी मोडली तर काम होतं. दोन शब्दांमध्ये पूर्णविराम आला, अनुस्वाराने दुसऱ्याचं रूप वेगळं केलं आणि अर्थ एका दमात कळला.

या ओळीत आणखी एक गोष्ट साधली आहे, ती चटकन दिसत नाही. ‘घाला’ म्हणताना आलं कोणी घालायचं ते उघडं ठेवलं आहे. मराठी क्रियापद फार चहाडखोर असतं. ‘टाकते’ म्हटलं की चहा करणारी बाई, ‘दमून आलास’ म्हटलं की पिणारा पुरुष. वर्षभराच्या जाहिराती ओळीने मांडल्या, की नकळत एक घर उभं राहतं, ज्यात बायका ओट्याशी आणि पुरुष वर्तमानपत्रामागे. एकेका ओळीत दोष काढता येत नाही, ढिगात मात्र तो दिसतो. त्यावर उपायही मराठीतच आहे. ‘टाकू का?’ आणि ‘घेणार?’ ही रोजच्या बोलण्यातली रूपं बाई-पुरुष दोघांनाही सारखीच लागू पडतात. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ‘एएससीआय’ने, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेने, स्त्री-पुरुषांच्या ठरावीक साच्यांबद्दल २०२२मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाच काढल्या. जात, धर्म, लिंग यांवरून कोणाची हेटाळणी करू नये, हा तर तिच्या संहितेतला जुनाच नियम.

जातीच्या बाबतीत मराठी लेखणी घसरते ती बहुतेक वेळा दुष्टपणाने नव्हे, सवयीने. आपल्याकडे कितीतरी धंद्यांची नावं हीच जातींचीही नावं आहेत आणि म्हणींमध्ये ती खच्चून भरलेली आहेत. ‘कटिंग’ची कोटी घ्या. अर्धा ग्लास चहाही कटिंग आणि केस कापणंही कटिंग. ‘केस वाढले? कटिंग. काम वाढलं? कटिंग.’ इथे हसू त्या एका शब्दावर उभं आहे. मग कोणाला तरी वाटतं, यात केशकर्तन करणाऱ्याचं पारंपरिक जातिवाचक नाव आणि एखादी म्हण घातली की आणखी रंगत येईल. रंगत येत नाही. एक समाज मात्र विनाकारण ओळीत ओढला जातो. २००९ साली शाहरुख खानच्या चित्रपटाच्या नावातला ‘बार्बर’ हा शब्द व्यावसायिकांच्या आक्षेपानंतर काढून टाकावा लागला आणि तो नुसता ‘बिल्लू’ झाला, आणि तोही शब्द इंग्रजी होता. म्हणून ओळ तपासण्याची एक साधी रीत आहे : समाजाचं, गावाचं, नात्याचं नाव खोडून बघायचं. कोटी तरीही उभी राहिली तर ते नाव फालतूच होतं. कोसळली, तर ती मुळात कोटी नव्हती, टोमणा होता.

गावांचे टोमणे जरा वेगळे. ‘चहा घेऊनच आला असाल’ हा पुणेरी पाहुणचाराचा विनोद स्वतः पुणेकरच चवीने सांगतात. पुण्यातल्याच दुकानाने तो आपल्या पाटीवर लिहिला तर ती स्वतःची थट्टा ठरते. राज्यभर विकणाऱ्या कंपनीने ‘पुणेकर’ असं नाव घेऊन लिहिला, तर ती दुसऱ्याची होते. नाव गाळून शेवट उलटवला तर? ‘तुम्ही चहा घेऊनच आला असाल. तरी घ्या.’ ओळखणारे ओळखतात, आणि चिकूपणाचा विनोद आग्रहाचा होतो.

राहता राहिला ‘च्या’. गावाकडे चहाला च्या म्हणतात आणि षष्ठीच्या प्रत्ययातही च्या येतो. ‘सकाळच्या कामाच्या आधी च्या’ या ओळीत तो तीनदा आला आहे, पण ‘आले आले’सारखा अडखळायला लावत नाही. पहिले दोन शब्दांना चिकटलेले असल्यामुळे लक्षात येत नाहीत, तिसरा सुटा उभा राहतो आणि मग मागचे दोन ऐकू येतात. ही ओळ वाफाळत्या कपाखाली ठेवली तर गंमत व्याकरणाची आहे. तीच वेंधळं ध्यान केलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी दिली, तर शब्द न बदलता विनोद गावाकडच्या बोलीवर जाऊन पडतो. त्यामुळे ओळ मंजूर करताना चित्रही सोबत पाहावं लागतं. नुसत्या कागदावर ‘ठीक’ असा शेरा मारून भागत नाही.

याच शब्दावरून सुचणारी दुसरी कोटी प्रत्येक नवशिक्याच्या वहीत असते, ‘च्यायला’ची. मित्रांच्या कट्ट्यावर ती चालते. पण चहाचा पुडा स्वयंपाकघरात फळीवर राहतो, आजी आणि नातू दोघांच्या नजरेसमोर, आणि त्या शब्दातली आईवरची शिवी झिजली असली तरी गेलेली नाही. अनुभवी संपादक ती हसून वाचतात आणि खोडतात.